एकवीस मोदकांचा उपवास

आधी चहा घ्या. गार झाल्यावर मग म्हणाल, बाळासाहेबांनी बोलण्यात चहा घालवला. घेतला? आता ऐका. माणसाची अब्रू जायला फार मोठं कारण लागत नाही. माझी मोदकांनी गेली, आणि तीही सासऱ्यांच्या देखत.

आम्ही देशस्थ. बंगळूरला इतक्या पिढ्या झाल्या, की घरात मराठी बोलताना निम्मी कन्नड कधी होते हे आमचं आम्हाला कळत नाही. आई आणि थोरला भाऊ चिकपेटेतल्या जुन्या घरात, मी मल्लेश्वरमला दोन खोल्यांत. वेगळा का राहिलो? कारण माझी बायको, सुमती. ती निपाणीकडची, जैन, दिगंबर. टायपिंगच्या वर्गात ओळख झाली आणि सरकारी कचेरीत सह्या करून लग्न केलं. साठच्या आसपासची गोष्ट ही. तेव्हा असं लग्न केलं की नातेवाईक वर्षभर तरी लग्नकार्याला बोलवत नसत. आहेराचा खर्च वाचला म्हणून मी खूष होतो.

आईचा राग सहा महिन्यांत उतरला. सुमतीचे वडील मात्र, म्हणजे अप्पा, निवृत्त हेडमास्तर. दोन वर्षं त्यांनी मुलीला एक ओळ लिहिली नाही. 'तुझ्या घरचं पाणी पिणार नाही' एवढंच ती घर सोडून निघताना म्हणाले होते.

आता तुम्ही विचाराल, दोघंही हिंदुस्थानातलेच, दोघंही शाकाहारी, मग अडलं कुठं? अहो, संसार करून बघा म्हणजे कळेल कुठं अडतं ते.

माझ्या उपवासाला काय लागतं? बटाटा, रताळं, सुरण, शेंगदाणे. म्हणजे जमिनीखाली जे जे उगवतं ते ते खायचं, आणि रोजच्यापेक्षा जास्त खायचं. आणि जैनाला काय चालत नाही? जमिनीखालचं! कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर, सगळं वर्ज्य. तिचा उपवास म्हणजे दिवसभर काही नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. पहिल्या एकादशीला मी तिला विचारलं होतं, खिचडीत बटाटा जरा जास्त घालशील का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ती खिचडी हॉटेलात जाऊन खाल्ली.

संकष्टीचं आणखी वेगळं. मी चंद्र उगवल्यावर जेवणार, आणि ती सूर्य मावळल्यावर घास घेणार नाही. रोजचंही तेच. कचेरी सुटून मी सायकल मारत साडेसहाला घरी, तेव्हा तिचं पान कधीच उचललेलं. मी जेवायचो आणि ती समोर नुसती बसून असायची. रविवार तेवढा आमचा. रविवारी पाचलाच आम्ही पानं मांडायचो, आणि खरं सांगतो, ते जेवण मला सणासारखं वाटायचं.

हळूहळू तह झाले. घरात कांदा-बटाटा येणार नाही, मी बाहेर खाल्लं तर ती विचारणार नाही. पाणी फडक्यानं गाळायचं, आणि फडकं उलटं करून वर पाणी ओतून गाळ होता तिथंच, विहिरीत सोडायचा, म्हणजे त्यातला जीव मरत नाही. हे काम माझ्याकडे. माझ्या पंचामृताला मध हवा, तिला मध चालत नाही, म्हणून मधाची बाटली फक्त देवघरात आणि तिच्या वाटीत चार वस्तूंचं पंचामृत. चातुर्मासात पालेभाजी बंद. दिवाळीला मात्र भांडण नाही. तिचा पहाटे महावीरांच्या निर्वाणाचा लाडू, माझं संध्याकाळी लक्ष्मीपूजन. लाडू मी दोन्ही वेळा खायचो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भाद्रपद आला, आणि अप्पांचं कार्ड आलं.

दोन ओळी. 'दशलक्षण पर्वाला बंगळूरच्या बसदीत येत आहे. पंचमीला सकाळी पोचेन. एक दिवस तुझ्याकडे उतरेन.' बसदी म्हणजे जैनांचं मंदिर. दशलक्षण म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी, दहा दिवस, रोज एकेका धर्माचा. पहिला क्षमेचा, दुसरा मार्दवाचा म्हणजे गर्व न करण्याचा, तिसरा आर्जवाचा म्हणजे सरळ वागण्याचा. हे मला तेव्हाच पाठ झालं. का, ते पुढं कळेलच.

सुमतीनं ते कार्ड चार वेळा वाचलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दोन वर्षांनी येताहेत. तेवढा दिवस नीट वागा. मला दुसरं काही नको."

मी म्हटलं, माझ्याकडून चूक होणार नाही. आणि हे म्हणून मी चतुर्थीला चिकपेटेत आईकडे गणपतीला गेलो.

अण्णा, थोरला भाऊ, त्या वर्षी परगावी होता, म्हणून पूजा माझ्याकडे. पूजा करणाऱ्यानं नैवेद्याचे मोदक खायचे, असं आमच्या घरात आहे. निदान मी तरी तसं म्हणतो. नैवेद्याचे एकवीस. सुमती बरोबर असती तर पाचव्यालाच हात धरला असता. पण ती दुसऱ्या दिवसाच्या तयारीला घरी. आई तुपाची वाटी घेऊन समोर बसलेली. तुम्हीच सांगा, अशा वेळी मोजतं कोण? आईनं मोजले. एकवीस भरले.

पंचमीची सकाळ. पोटात मोदक, आणि मोदकांचं पोटात भांडण. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, आज अन्नाचा कण नको. फक्त उकळून गार केलेलं पाणी.

मी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलो होतो. बोलायचीसुद्धा ताकद नव्हती. समोर तांब्या. एवढ्यात अप्पा आले. उंच, पांढरंशुभ्र धोतर, हातात पिशवी. सुमती पाया पडली. ते नुसतं 'असू दे' म्हणाले आणि उंबऱ्याशीच उभे राहिले. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे.

"हे?"

"आज काही घेणार नाहीत ते," सुमती म्हणाली. "उकळलेलं पाणी तेवढं."

तिचं म्हणणं पोटाबद्दल होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते बघा. दशलक्षणाचा पहिला दिवस, जावई न्हाऊन स्वस्थ बसलेला, तोंडात अन्न नाही, पुढ्यात उकळलेलं पाणी, चेहऱ्यावर अवघ्या जगाबद्दल वैराग्य. ते वैराग्य मोदकांमुळे आलंय हे कुणाला सांगून खरं वाटलं असतं?

"उपवास?" अप्पांनी विचारलं.

इथं माणसानं सरळ सांगावं. अजीर्ण झालंय, दोन शब्द. मी तोंड उघडलंही होतं. पण अप्पांनी पिशवी खाली ठेवली. आणि सुमतीला म्हणाले, "पाणी दे गं प्यायला."

सुमतीनं गाळलेलं पाणी भांड्यात दिलं, ते उभ्या उभ्या प्यायले, आणि ती पदर डोळ्याला लावून आत गेली. आता त्या पाण्यावर मी अजीर्ण ओतू? मी मान हलवली. अर्धीच हलवली, पण हलवली.

"किती दिवसांचा धरलाय?"

"बघू," मी म्हटलं. "जेवढे निभतील."

कसा मेला हा शब्द तोंडातून गेला मला ठाऊक नाही.

स्वयंपाकघरात सुमतीनं मला गाठलं. म्हणाली, अहो, हे काय चालवलंय? तुम्हाला अजीर्ण झालंय. मी म्हटलं, पोट रिकामं आहे हे तर खरं ना? ते का रिकामं आहे, हे आपण उद्या सांगू. ती म्हणाली, आजच सांगा, उद्या जड जाईल. बायका असं बोलतात तेव्हा त्यांचं ऐकावं. मी ऐकलं नाही.

अप्पा दुपारी बसदीत गेले आणि तिथं सगळ्यांना सांगून आले. संध्याकाळी, दिवस असतानाच, बसदीतल्या दोन वृद्ध बाया आणि एक आजोबा मला बघायला आले. तप करणाऱ्याची अनुमोदना करायची, म्हणजे त्याच्या पुण्याचा आनंद मानायचा, अशी त्यांची रीत. त्यातल्या एका आजी माझ्या पाया पडल्या. जन्मानं जैन नसून दशलक्षणाचा उपवास, म्हणाल्या. मी पाय मागे घेतले, पण फार लांब घेतले नाहीत.

दुसरा दिवस मार्दवाचा. गर्व सोडायचा. आणि मी तर अंगणातून असा चालत होतो की शेजारच्या गौडांच्या बायकोनं विचारलं, तुमचं प्रमोशन झालं का. पोट बरं झालं होतं. आणि पोट बरं झालं की काय होतं? भूक लागते. अशी भूक मला मुंजीनंतर लागली नव्हती.

सुमती एकाशन करत होती, म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवण. अप्पांचंही तेच. एक दिवस म्हणून आलेले अप्पा आता राहायचं म्हणत होते. तिच्या हातचं जेवले. साडेदहाला मी दारात उभा राहून त्यांना जेवताना पाहिलं. साधं वरण आणि दुधीची भाजी, पण वास! मी कचेरीत निघून गेलो.

तीन वाजेपर्यंत काढले. शपथ घेऊन सांगतो, तीनपर्यंत. मग पायच मला अव्हेन्यू रोडवरच्या हॉटेलात घेऊन गेले. माणीनं, म्हणजे वाढणाऱ्या पोऱ्यानं, विचारलं काय आणू. मी म्हटलं मसाला दोसे. आत बटाटा, बटाट्यात कांदा. एक झाला. "इन्नोंदु?" म्हणाला, आणखी एक? त्याच्या आग्रहाला मी मान दिला. बाहेर पडून चार लवंगा चघळल्या आणि दोन गल्ल्या जास्त फिरून घरी गेलो.

अप्पांनी मला जवळ बसवून घेतलं. मार्दवावर बसदीत काय प्रवचन झालं ते सांगू लागले. माणसानं कशाचा गर्व करू नये, तपाचासुद्धा. मी 'हो ना, खरं आहे' म्हणत होतो, तोंड भरून. मध्येच ते थांबले, जरा खिडकीकडे सरकून बसले, आणि मग पुन्हा बोलू लागले. मला वाटलं उकडत असेल.

तिसरा दिवस, सप्तमी. आणि त्या वर्षी नेमकं सप्तमीलाच ज्येष्ठा नक्षत्र. म्हणजे आमच्या घरी महालक्ष्म्यांचं, गौरींचं पूजन. पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील, सोळा भाज्या. सुनेला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावणं. आईनं सुमतीशी स्वतःचा तह केला होता. देवीला सोळा भाज्या, सुमतीला त्यातल्या अकरा. बटाटा, सुरण, मुळा, अळकुड्या आणि रताळं वजा. तिच्या भाज्या आधी वेगळ्या पातेल्यात करायच्या आणि दिवसभरात जेवायची ती एकदाच, तर अगदी वेळेवर वाढायचं. माझी आई फटकळ, पण ह्यात कधी चुकली नाही.

सुमती म्हणाली, बसदीतून येताना अप्पांनाही घेऊन येईन, गौरी बघू देत. एकपर्यंत पोचू. आणि आज तरी सांगून टाका त्यांना.

मी हिशेब केला. ते एकला येणार. मी अकराला पोचलो तर बाराला हात धुऊन, तोंड पुसून, उपाशी चेहरा करून ओसरीवर बसलेला असेन. सत्य काय, संध्याकाळीही सांगता येतं.

नैवेद्य झाला होता. मी आईला म्हटलं, आई, वाढ. ती म्हणाली, सवाष्णी बसायच्या आत? "स्वल्प तरी धीर धर रे." मी म्हटलं, परवापासून पोट रिकामं आहे. आईचंच काळीज ते. मागच्या स्वयंपाकघरात पाट मांडला.

काय सांगू तुम्हाला, ती पहिली पुरणपोळी. तुपात बुडालेली. दुसरी. तिसरीला मी मान वर केली. बटाट्याच्या भाजीला दोनदा हात गेला. सातवी पोळी आमटीत भिजवत होतो, तेव्हा पुढच्या ओसरीवर आवाज आला. अप्पांचा. प्रवचन त्या दिवशी लवकर संपलं होतं.

मी श्वास धरून बसलो. मागच्या दारानं निसटावं, पाट उचलावा, काहीतरी करावं. पण आई! आईनं बाहेर जाऊन व्याह्यांना या-बसा केलं, आणि ओसरीवरूनच हाक मारली, "बाळ्या, अरे व्याही आलेत! पोळी आणखी हवी तर मग घे, आधी बाहेर ये."

आता सांगा, ह्यात लपवायला काय उरलं?

मी हात धुऊन बाहेर गेलो. सदऱ्यावर आमटीचा डाग, मिशीला तूप. सुमती गौरीकडे तोंड करून उभी राहिली, वळलीच नाही. अप्पा शांतपणे माझ्याकडे बघत होते. आणि आई त्यांना कौतुकानं सांगत होती, "काय करायचं ह्याचं, मला सांगा. चतुर्थीला एकवीस मोदक खाल्लेन् आणि पोट धरून बसला. आज कुठं सरी, बरा झालाय, नीट जेवतोय."

मला वाटलं, झालं. आता अप्पा पिशवी उचलणार आणि संध्याकाळची गाडी धरणार. आणि सुमतीला पुन्हा दोन वर्षं, कदाचित कायमचीच. माझ्या फुशारकीपायी तिचा बाप जाणार होता. मला खरोखर रडू आलं.

"अप्पा," मी म्हटलं, "उपवास नव्हता तो. अजीर्ण होतं. सुमती पहिल्या दिवसापासून सांग म्हणत होती. सगळं माझंच."

अप्पा म्हणाले, "आज आर्जवाचा दिवस. सरळ बोलायचा. वेळेवर बोललात. पण मला काल सांजचंच कळलं होतं."

"काल?"

"साठ वर्षं कांदा तोंडात घातला नाही मी. तो कुणी खाल्ला तर मला दोन घरं पलीकडं कळतं. तुम्ही तर मांडीला मांडी लावून बसला होता."

"मग बोलला का नाहीत?" सुमतीनं विचारलं. आता ती वळली होती.

"दोन वर्षं बोललो नाही, त्यानं काय मिळवलं मी?" अप्पा म्हणाले. "एका कांद्यापायी आणि दोन घालवू?"

सुमती रडली. आई रडली, तिला काही कळलं नव्हतं तरी रडली, आणि कळल्यावर मला हाताला लागलं त्या लाटण्यानं धमकावून पुन्हा रडली. अप्पांनी गौरींना हात जोडले. त्या घरी ते जेवणार नव्हते, आईनंही आग्रह केला नाही. तिनं त्यांच्या हातात नारळ ठेवला, तो त्यांनी घेतला. पुढं पर्व संपून पौर्णिमा होईपर्यंत ते आमच्याच घरी राहिले.

आता तुम्ही म्हणाल, किस्सा संपला. नाही. माझं खरं हसं पुढंच आहे.

त्या चोरून खाल्लेल्या जेवणाची, अप्पा प्यायले त्या पाण्याच्या भांड्याची मला फार लाज वाटत होती. मी ठरवलं, दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, खरा उपवास करायचा. रताळं नाही, शेंगदाणा नाही, सुमतीच्या रीतीचा. एक दिवस. कुणाला न सांगता.

आणि केला. पहाटेपासून अन्नाचा कण नाही. कचेरीत सहकाऱ्यानं लाडू पुढं केला, नाही म्हटलं. अव्हेन्यू रोडवरून मुद्दाम गेलो, दोशाचा वास घेतला आणि पुढं निघालो. कचेरीतून लवकर सुटून घरी आलो आणि दिवस मावळायच्या आत दोन घोट पाणी घेतलं. असं वाटलं, की आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं.

सुमतीनं विचारलं, जेवत का नाही? मी म्हटलं, आज उपवास आहे. ती हसली आणि ओवा घेऊन आली. शेजारच्या गौडांच्या बायकोनं लिंबू पाठवलं. आईचा निरोप आला, सात पोळ्यांना आल्याचा रस दे म्हणावं. डॉक्टर स्वतः डोकावून गेले. मी सगळ्यांना शांतपणे सांगत होतो, आणि जितकं सांगत होतो तितका ओवा वाढत होता.

दहा दिवस झाले, पौर्णिमा गेली. त्यानंतरचा दिवस क्षमावाणीचा. जैन लोक त्या दिवशी लहान-थोर सगळ्यांकडे हात जोडून वर्षभराची क्षमा मागतात. संध्याकाळी अप्पांची गाडी होती. त्यांनी सुमतीपुढं हात जोडले, बाप असून. मग माझ्यापुढं. "उत्तम क्षमा," म्हणाले. "दोन वर्षं तुमच्या घरचं पाणी नाकारलं, त्याची क्षमा करा. आणि तुमचीही मी मनापासून क्षमा केली."

मी वाकलो, आणि म्हटलं आता एवढं तरी ह्यांना कळू दे.

"अप्पा, अष्टमीचा उपवास मात्र खरा होता."

अप्पांनी पिशवी खांद्याला लावली. माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू," म्हणाले, "आत्ताच तर सगळं माफ केलं तुम्हाला. लगेच नवीन कशाला सुरू करता?"